एचआरए किती माफ होतो? घर ठाण्यात, ऑफिस अंधेरीत, मग 40 टक्के की 50?

पगाराच्या स्लिपवर एचआरए 21,000 दिसतोय म्हणजे 21,000 टॅक्समधनं सुटले असं समजणारे दरवर्षी भेटतात, आणि जानेवारीत प्रूफ द्यायची वेळ आली की सगळ्यांचा एकच गोंधळ. म्हणून एक खरी केस घेऊन सांगते, आमच्या ऑफिसातल्याच एकाची, आकडे फक्त गोल केलेत. सगळा हिशोब आर्थिक वर्ष 2025-26 चा आहे.

आधी एक गोष्ट क्लिअर करून टाका, तुम्ही नवीन रेजिममध्ये असाल तर हे सगळं तुमच्यासाठी नाहीच, तिथे एचआरएची सूट मिळत नाही आणि आता डिफॉल्ट तीच रेजिम आहे, म्हणजे तुम्ही ऑफिसला काहीच कळवलं नसेल तर तुमचा टीडीएस नवीनप्रमाणेच कापला जातोय. जुनी रेजिम घ्यायची, भाड्याच्या घरात राहायचं, भाडं खरंच भरायचं आणि पगारात एचआरए मिळत असायला पाहिजे, एवढं जुळलं तरच पुढे वाचा. स्वतःच्या घरात राहत असाल तर स्लिपवरचा एचआरए पूर्ण टॅक्सेबल.

सूट ठरते कलम 10(13ए) आणि नियम 2ए वरनं. तीन आकडे काढायचे. पहिला म्हणजे प्रत्यक्ष मिळालेला एचआरए. दुसरा, भरलेलं भाडं वजा पगाराचे 10 टक्के. तिसरा, मुंबई, दिल्ली, कोलकाता किंवा चेन्नईत घर असेल तर पगाराचे 50 टक्के, बाकी कुठेही 40 टक्के. तिन्हीत जो सगळ्यात कमी तेवढाच माफ. आणि इथे पगार म्हणजे ग्रॉस नाही, सीटीसी तर नाहीच नाही, फक्त बेसिक, आणि डीए जर निवृत्तीच्या लाभांसाठी धरला जात असेल तर तो पण. स्पेशल अलाउन्स, बोनस, ओव्हरटाइम काही धरायचं नाही. सेल्सवाल्यांना विक्रीच्या ठराविक टक्क्यांनी कमिशन मिळतं ते मात्र मिळवायचं.

आता केस. बेसिक 42,000, डीए नाही, एचआरए 21,000, कारण कंपनी मुंबईची म्हणून सगळ्यांना बेसिकच्या निम्मा देते. घर ठाण्यात, भाडं 24,000. ऑफिस अंधेरीत, त्यामुळे पेरोलवाल्यांनी त्याला सरळ मेट्रोत टाकलं होतं आणि तो पण खूश. पण नियमात ऑफिस कुठे आहे ते विचारलेलंच नाही, तुम्ही राहता ते घर कुठे आहे तेच बघायचं. ठाणे म्हणजे मुंबई नाही, नवी मुंबई पण नाही, लोकलने रोज कितीही ये-जा करा. पुणेकरांना हे ऐकून राग येतो पण 2025-26 च्या हिशोबात पुणे आणि बंगळूरू पण 40 मध्येच, भाडी कितीही मेट्रोची असली तरी.

मग त्याचे महिन्याचे तीन आकडे असे आले. मिळालेला एचआरए 21,000. भाडं 24,000 वजा 4,200 म्हणजे 19,800. बेसिकचे 40 टक्के 16,800. सगळ्यात कमी 16,800, तेवढेच माफ, उरलेल्या 4,200 वर टॅक्स. पेरोलने मेट्रो धरलं होतं तेव्हा तिसरा आकडा 21,000 येत होता म्हणून 19,800 माफ दाखवत होते, म्हणजे महिन्याला 3,000 जास्त. रिटर्न भरताना कोणी विचारलं की भरायचं त्यालाच, पेरोलला नाही.

पण गंमत अशी की शहराचा हा फरक सगळ्यांना लागतच नाही. त्याचं भाडं 18,000 असतं तर दुसरा आकडा 13,800 आला असता, तोच सगळ्यात कमी, मग 40 धरा नाहीतर 50 धरा, काही बदलत नाही. साधा नियम असा, 40 टक्क्यांवाल्या शहरात भाडं बेसिकच्या निम्म्यापेक्षा जास्त असेल तरच ती टक्केवारी आडवी येते, आणि मुंबईसारख्या ठिकाणी 60 टक्क्यांपेक्षा जास्त असेल तर. त्याच्या खाली असाल आणि एचआरए पण बऱ्यापैकी मिळत असेल तर सगळा खेळ भाडं वजा 10 टक्के ह्याच आकड्याचा. म्हणूनच कधीकधी इन्क्रिमेंट होऊन बेसिक वाढतं आणि भाडं तेच राहतं तेव्हा सूट वाढायच्या ऐवजी कमी होते, लोकांना वाटतं पेरोलने घोळ घातला, घोळ नसतो.

पुढे नोव्हेंबरमध्ये तो मुलुंडला शिफ्ट झाला, भाडं 27,000. मुलुंड मुंबईत, त्यामुळे आता 50 टक्के. आकडे आले 21,000, मग 22,800, मग 21,000, म्हणजे सगळाच एचआरए माफ. आता वर्षाचा हिशोब करताना तो म्हणाला की अगं एकदाच वर्षाची बेरीज करून टाकू ना. तसं केलं तर वर्षभराचं भाडं 3,03,000, त्यातनं 50,400 वजा, 50 टक्के लावले तर पूर्ण 2,52,000 माफ निघतात, आणि ते चुकीचं आहे. घर, भाडं, बेसिक किंवा शहर ज्या महिन्यात बदललं तिथून हिशोब तोडायचा. एप्रिल ते ऑक्टोबर 7 महिने 16,800 प्रमाणे 1,17,600, नोव्हेंबर ते मार्च 5 महिने 21,000 प्रमाणे 1,05,000, एकूण 2,22,600. बाकीचे 29,400 टॅक्सेबल.

कागदपत्रांचं फार मोठं काही नाही. ऑफिसला फॉर्म 12बीबी द्यायचा, त्यात भाड्याची रक्कम, घरमालकाचं नाव आणि पत्ता. सोबत भाड्याच्या पावत्या आणि लिव्ह अँड लायसन्सचा करार. वर्षाचं भाडं 1 लाखाच्या वर गेलं की मालकाचा पॅन लागतो, म्हणजे महिन्याला साधारण 8,333 च्या पुढे, आणि इथेच बहुतेकांचं अडतं कारण मालक पॅन द्यायला टाळाटाळ करतो. हे करार करतानाच बोलून घ्या, जानेवारीत मागितला तर तो फोन उचलत नाही. त्याच्या केसमध्ये दोन मालक झाले म्हणून दोघांचे पॅन लागले. भाडं कॅशने न देता बँकेतनंच पाठवा, पावती कोणीही लिहून देऊ शकतं, बँकेची एंट्री तशी बनवता येत नाही.

आईवडिलांच्या घराचं भाडं दाखवता येतं, पण घर त्यांच्या नावावर पाहिजे, पैसे खरंच त्यांच्या खात्यात जायला पाहिजेत आणि त्यांनी ते उत्पन्न आपल्या रिटर्नमध्ये दाखवलं पाहिजे. मेंटेनन्स, लाइट बिल, ब्रोकरेज हे भाड्यात धरू नका. आणि आपल्याकडे हेवी डिपॉझिटवर घर घेतात ना, मोठी रक्कम द्यायची आणि भाडं शून्य, तिथे भाडं भरलेलंच नाही म्हणून सूट पण शून्य.

ऑफिसला प्रूफ द्यायचं राहिलं तर घाबरायचं कारण नाही, फॉर्म 16 मध्ये सूट दिसणार नाही पण रिटर्नमध्ये क्लेम करता येते, फक्त तिथे जुनी रेजिम निवडायची आणि रिटर्न मुदतीच्या आत भरायचं. मुदत गेली की जुनी रेजिम निवडता येत नाही आणि मग मुलुंड काय आणि ठाणे काय, सगळे 2,52,000 टॅक्सेबल.