घाम वाळतो, मीठ उरतं

"माझ्या अंगात उष्णता फार, म्हणून खोटे दागिने माझ्या अंगावर काळे पडतात." हे वाक्य इतक्या सहज बोललं जातं की ते तपासून पाहावंसं कुणाला वाटत नाही. निरोगी माणसांच्या त्वचेच्या तापमानात जो थोडाफार फरक असतो, त्याने पितळाचं काही बिघडत नाही. फरक पडतो तो घाम किती येतो आणि तो किती आम्ल आहे यामुळे. घामाचा सामू साधारण ४.५ ते ७ या पट्ट्यात कुठेही असू शकतो. पण त्याहून मोठा फरक पडतो तो दागिना काढल्यानंतर त्याचं काय केलं यामुळे. काळ्या पडलेल्या खड्यात नजर लागल्याची खूण शोधणारेही भेटतात. त्यांच्यासाठी उत्तर खड्याच्या मागच्या बाजूला आहे, तिकडे नंतर वळू.

दुसरा समज असा की मुलामा घासून घासून उडतो. घासण्याने तो जातोच, पण बऱ्याचदा त्याआधी तो खालून पोखरला गेलेला असतो. आत बहुधा पितळ, तांबं किंवा जस्ताचा मिश्रधातू, मधे कधी निकेलचा थर, आणि सर्वांत वर सोन्याचा मुलामा किंवा नुसतंच सोनेरी लाखेसारखं लेपन. सोनं असलं तरी किती? स्वस्त दागिन्यांवर तो थर अनेकदा मायक्रॉनच्या दहाव्या भागाएवढा किंवा त्याहूनही पातळ असतो. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. एक ग्रॅम सोनं ०.१ मायक्रॉन जाडीने पसरलं तर सुमारे अर्धा चौरस मीटर पृष्ठभाग झाकला जातो, यावरून कल्पना येईल.

इतका पातळ थर सलग नसतो. त्यात डोळ्यांना न दिसणारी असंख्य छिद्रं असतात, आणि या सगळ्या प्रकरणातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट या छिद्रांत घडते.

छिद्राच्या तळाशी तांबं उघडं असतं, भोवती सोनं, आणि वर घामाचा थेंब. दोन वेगळे धातू आणि खारट पाणी एकत्र आलं की विद्युतघट तयार होतो. शाळेत लिंबात तांब्याची आणि जस्ताची पट्टी खुपसून करतात तोच हा प्रयोग, फक्त इथे पट्ट्या सोन्याच्या आणि तांब्याच्या. यात तांबं इलेक्ट्रॉन सोडून विरघळतं. ते इलेक्ट्रॉन सोन्यातून वाहतात आणि सोन्याच्या पृष्ठभागावर, पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन ते घेतो. सोन्याला स्वतःला काहीच होत नाही. मात्र सोन्याचा पृष्ठभाग प्रचंड मोठा आणि छिद्र चिमुकलं. समजा सगळ्या छिद्रांचं मिळून क्षेत्रफळ सोन्याच्या हजाराव्या भागाएवढं आहे. मग एवढ्या मोठ्या पृष्ठभागावरच्या ऑक्सिजनची इलेक्ट्रॉनची भूक त्या हजाराव्या भागातल्या तांब्याने भागवायची. त्यामुळे त्या ठिपक्यात तांबं उघड्या तांब्यापेक्षाही वेगाने झिजू शकतं. छिद्रांचा पातळ मुलामा तिथे खालच्या धातूचं रक्षण करत नाही, उलट त्याचा नाश एका जागी गोळा करतो. मधला निकेलचा थर चांगला असेल तर हे पुष्कळ मंदावतं. तो नसला की काही वापरांतच ठिपके दिसू लागतात.

घामातल्या मिठाचा क्लोराइड यात आणखी एक काम करतो. विरघळलेल्या तांब्याशी मिळून तो छिद्राच्या तळाशी क्युप्रस क्लोराइड नावाचा फिकट पदार्थ तयार करतो. त्याला ओल आणि हवा मिळाली की त्याचं हिरवं चूर्ण होतं आणि थोडं हायड्रोक्लोरिक आम्ल मोकळं होतं. ते आम्ल पुन्हा तांब्यावर तुटून पडतं. म्हणून पुसलेला हिरवा डाग आठवड्याभराने त्याच जागी उगवतो. उत्खननात सापडलेल्या कांस्य वस्तूंना हेच होतं. वस्तुसंग्रहालयांत त्याला 'ब्राँझचा रोग' म्हणतात आणि अशा वस्तू कोरड्या हवेत ठेवतात.

आता प्रश्न असा की दागिना डबीत ठेवल्यावर घाम वाळतोच ना? वाळतो. पाणी जातं, मीठ उरतं. आणि हवेची सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की साधं मीठ हवेतली वाफ ओढून स्वतःच पाण्यात विरघळतं. दमट हवेत मिठाच्या डबीला पाणी सुटतं ते यामुळेच. म्हणजे दागिना तासभर अंगावर होता, पण विद्युतघट डबीत महिनोन्‌महिने चालू राहतो.

यावर कुणीही म्हणेल, मग मीठ धुऊन टाका. खडे नसलेल्या साखळीसाठी हा सल्ला बरोबर आहे. खड्यांच्या दागिन्यात मात्र इथेच गाठ बसते. मीठ पाण्याशिवाय निघत नाही आणि खड्याला पाणी चालत नाही.

खड्याला पाणी का चालत नाही हे समजायला तो चमकतो कसा हे पाहावं लागतं. हिऱ्याचा अपवर्तनांक २.४२ असल्याने त्याच्या आत मागच्या पैलूवर २४ अंशांहून जास्त तिरका पडलेला प्रकाश सगळाच्या सगळा आत परावर्तित होतो. साध्या काचेत हा कोन ४१ अंशांच्या आसपास आहे. त्यामुळे काचेत शिरलेला बराच प्रकाश मागून निसटतो आणि खडा मेलेला दिसतो. उपाय म्हणून काचेच्या खड्याच्या पाठीवर चंदेरी थर देतात आणि त्यावर संरक्षक रंग. थोडक्यात, प्रत्येक खडा हा एक छोटा आरसा आहे. खड्याची कड आणि कोंदण यांमधल्या फटीतून पाणी आत गेलं की संरक्षक रंग सुटतो आणि ओलाव्यासोबत हवेतली गंधकाची संयुगं मिळून चांदी काळवंडते. नजर लागल्याची खूण ती हीच.

पाणी आत जायला दागिना बुडवावाच लागतो असं नाही. एक दशांश मिलिमीटरच्या स्वच्छ काचेच्या फटीत केशाकर्षणाने पाणी सुमारे १५ सेंटिमीटर चढू शकतं, आणि कोंदण जेमतेम दोन-तीन मिलिमीटर खोल असतं. शिरलेलं पाणी बाहेर पडायला मात्र तेवढीच बारीक फट. पुढून कोरडा दिसणारा दागिना मागून ओला राहतो तो असा.

क्युबिक झिर्कोनिया या हिऱ्यासारख्या दिसणाऱ्या कृत्रिम खड्याची गोष्ट वेगळी. त्याचा अपवर्तनांक २.१५ च्या वर असल्याने त्याला आरसा लागत नाही आणि कोंदण बहुधा मागून उघडं असतं. दागिना उलटा करून पाहा. खड्याची टोकदार पारदर्शक पाठ दिसली तर पाण्याची भीती बरीच कमी. मागे बंद वाटी असेल तर आरसा आणि गोंद आहे असंच धरून चाला. पाकिटावर 'वॉटरप्रूफ' छापलेलं असलं तरी. तो दावा फार तर धातूच्या लेपनाचा असतो, खड्यामागच्या आरशाचा नाही.

एक उदाहरण घेऊ. पितळी पेंडंट, मधे ६ मिलिमीटरचा पांढरा काचेचा खडा, भोवती बारीक खडे, सगळ्यांच्या मागे बंद वाट्या. चार तास गळ्यात होतं, पेंडंटची पाठ घामाने ओली झाली. काढल्याबरोबर, घाम वाळण्याआधी, ते कोरड्या सुती कापडाने टिपायचं. पुसायचं नाही, टिपायचं, म्हणजे घाम फटींत ढकलला जात नाही. मग कापडाचं एक टोक साध्या पाण्यात बुडवून इतकं पिळायचं की दाबल्यावर थेंब येणार नाही. त्याने फक्त धातूची पाठ, कड्या आणि साखळी दोन-तीनदा पुसायची, दर वेळी कापडाची नवी जागा घेऊन, कारण मीठ कापडात जायला हवं, नुसतं पसरायला नको. खड्यांच्या पुढच्या बाजूला कोरडी कापसाची काडी पुरते. तिथे असतं ते बहुधा क्रीम आणि त्वचेचं तेल. नंतर खडे खाली करून दागिना कोरड्या कापडावर पंख्याच्या वाऱ्यात तासभर ठेवायचा, म्हणजे चुकून ओल गेलीच असेल तर फटीचं तोंड खाली राहतं. हेअर ड्रायरची गरम हवा नको, उष्णतेने गोंद मऊ पडतो.

साबण, टूथपेस्ट, लिंबू, खाण्याचा सोडा यांच्या युक्त्या व्हिडिओत छान दिसतात, कारण खरवडलेलं पितळ ताजं असताना सोन्यासारखंच चमकतं. ती चमक मुलाम्याची नसते. पारदर्शक नेलपॉलिश पाठीच्या सपाट धातूवर काही दिवस उपयोगी पडतं, पण त्यातलं द्रावक मूळ लेपन उचलू शकतं, आणि तडा गेल्यावर त्याखाली घाम अडकून राहतो. खड्यांजवळ तर ते नकोच.

ठेवायला छोटी झिपची पिशवी, एका पिशवीत एकच दागिना, हवा दाबून काढलेली आणि आत सिलिका जेलची पुडी. हेतू एवढाच की आतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या बरीच खाली राहावी. दिसायला सुंदर मखमली डबी ओल धरून ठेवते. रबर आणि लोकर गंधकाची संयुगं सोडतात, त्यामुळे दागिना रबरबँडने गुंडाळणं म्हणजे खड्यामागची चांदी काळी पडायला आमंत्रणच. सिलिका जेलही कायमचं नाही. नारिंगी मण्यांचा रंग हिरवा झाला की ते पाण्याने भरलेत असं समजायचं. मणी पिशवीबाहेर काढून सुमारे १२० अंशांवर एक-दोन तास तापवले की पुन्हा कामाला येतात.

खडा निसटण्याआधी सहसा सूचना देतो. दागिना कानाशी धरून हलक्या हाताने हलवा, बारीक टिकटिक आली तर गोंद सुटलाय. खडा मंद दिसत असेल तर आधी कोरड्या कापसाने पुसून पाहा. चमक परतली तर ते तेल होतं. कडेने काळी चंद्रकोर तशीच राहिली तर आरसा गेला, आणि असा खडा बदलण्याखेरीज इलाज नाही.

निसटलेला पण आरसा शाबूत असलेला खडा बसवताना घाईने इन्स्टंट गोंद वापरतात. तो सुकल्यावर ठिसूळ होतो, आणि त्याची वाफ आजूबाजूच्या खड्यांवर पांढरं धुकं धरवते. गुन्हे तपासणीत बोटांचे ठसे उठवायला हीच वाफ वापरतात. त्याऐवजी दोन भाग मिसळून लावायचा इपॉक्सी घ्यावा. वाटीतला जुना गोंद लाकडी काडीने खरवडून काढायचा. ॲसिटोन वापरायचं नाही, कारण ते लेपन उचलतं आणि खडा ॲक्रिलिकचा असेल तर त्यालाही विरघळवतं. वाटी पूर्ण कोरडी झाल्यावर टाचणीच्या टोकाने थोडा इपॉक्सी तळाशी आणि आतल्या कडेला लावायचा, इतकाच की खडा दाबल्यावर तो कडेपर्यंत येईल पण वर ओघळणार नाही. कडेपर्यंत आलेला गोंद फटही बुजवतो, म्हणजे पुढच्या वेळी घामाला शिरायला वाट कमी. पाच मिनिटांत घट्ट होणारा असला तरी २४ तास दागिना तसाच आडवा ठेवायचा, आणि त्यानंतर काडीने खडा बाजूने हलकेच ढकलून पाहायचा.