धूरलोट प्रसरण प्रतिमान

कारखान्याच्या चिमणीतून निघणारा वायू वाऱ्याबरोबर वाहत जाताना कसा पसरतो आणि जमिनीवर कुठे किती प्रमाणात पोहोचतो, याचा अंदाज देणारे गणिती प्रतिमान. सर्वांत रुळलेला प्रकार गाउसीय प्रतिमानाचा आहे. त्यात असे धरतात की लोटाच्या मध्यरेषेवर वायूचे प्रमाण सर्वाधिक असते आणि आडव्या व उभ्या दिशेने ते घंटाकार वक्राप्रमाणे घटत जाते. चिमणीपासून वाऱ्याच्या दिशेने x अंतरावर, लोटाच्या बरोबर खाली जमिनीलगतचे प्रमाण असे मिळते:

```
C = Q / (π u σy σz) · exp( −H² / (2 σz²) )
```

Q म्हणजे दर सेकंदाला बाहेर पडणारा वायू, u म्हणजे चिमणीच्या तोंडापाशी वाऱ्याचा वेग आणि H म्हणजे लोटाची प्रभावी उंची. σy आणि σz ही लोटाच्या आडव्या व उभ्या पसाऱ्याची मापे असून अंतराबरोबर ती वाढत जातात. किती वेगाने वाढतात, हे हवेच्या स्थैर्यावर ठरते. पास्क्विल यांनी १९६१ मध्ये सुचवलेले अ ते फ असे सहा स्थैर्य वर्ग आजही वापरात आहेत. अ वर्गात हवा फार ढवळलेली असते, फ वर्गात जवळपास निश्चल. खानदेशात चैत्र-वैशाखाच्या दुपारी, काळी जमीन तापलेली असताना आणि वारा सेकंदाला ३ ते ५ मीटर असताना ब वर्ग धरतात. हिवाळ्याच्या निरभ्र, मंद वाऱ्याच्या रात्री फ वर्ग लागतो.

सूत्रातील H ही चिमणीची बांधलेली उंची नव्हे. गरम वायू हलका असतो, त्यामुळे तोंडातून निघाल्यावरही तो वर चढत राहतो. बांधलेली उंची h आणि हा उठाव यांची बेरीज म्हणजे H. मध्यम व लहान चिमण्यांसाठी, हवा स्थिर नसताना, ब्रिग्ज यांचे सूत्र पुरते:

```
F  = g v d² (Ts − Ta) / (4 Ts)
Δh = 21.4 · F^0.75 / u
```

Δh म्हणजे उठाव, F हे वायूच्या तरंगण्याच्या जोराचे माप, g गुरुत्वाकर्षणाचे त्वरण, v हा वायूचा बाहेर पडण्याचा वेग, d चिमणीच्या तोंडाचा आतला व्यास, तर Ts आणि Ta ही वायूची व बाहेरच्या हवेची केल्विनमधील तापमाने. Δh च्या छेदात वाऱ्याचा वेग आहे, हे ध्यानात ठेवावे. पुढचा सगळा गुंता तिथूनच सुरू होतो.

एक सोडवलेले उदाहरण

जळगाव परिसरात सरकीचे तेल काढणारा एक सॉल्व्हंट प्लांट कल्पू. त्याचा बॉयलर तासाला १० टन वाफ देतो आणि त्यासाठी तासाला सुमारे १.८ टन कोळसा जाळतो. कोळशात अर्धा टक्का गंधक धरले तर तासाला ९ किलो गंधक जळते. गंधक जळून होणाऱ्या सल्फर डायऑक्साइडचे वजन गंधकाच्या दुप्पट भरते, म्हणून उत्सर्जन तासाला १८ किलो, म्हणजेच सेकंदाला ५ ग्रॅम. वायू १५० अंश सेल्सिअसला, ०.९ मीटर व्यासाच्या तोंडातून सेकंदाला ११ मीटर वेगाने निघतो. बाहेरची हवा ३० अंश आहे.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे चिमणीच्या उंचीचे सूत्र H = 14 Q^0.3 असे आहे. इथे H म्हणजे चिमणीची बांधलेली उंची आणि Q म्हणजे तासाला किती किलो सल्फर डायऑक्साइड. १८ घातले की ३३.३ मीटर येतात, म्हणून चिमणी ३४ मीटरची धरू. या सूत्रात वारा नाही, वायूचे तापमान नाही आणि शेजारची इमारतही नाही. किमान किती उंची हवी एवढेच ते सांगते. जमिनीवर काय होईल ते प्रतिमानालाच विचारावे लागते.

वरच्या आकड्यांवरून F सुमारे ६.२ येतो आणि उठाव ८४ भागिले u इतका मीटर. चिमणीच्या तोंडाशी वारा सेकंदाला ३ मीटर असेल, तर उठाव २८ मीटर आणि प्रभावी उंची ६२ मीटर. ब वर्गात, मोकळ्या ग्रामीण भागासाठी σz म्हणजे अंतराच्या ०.१२ पट. σz जेव्हा H भागिले √२ इतका होतो, तिथे जमिनीवरचे प्रमाण कमाल असते. इथे ते अंतर सुमारे ३६५ मीटर. तिथले प्रमाण घनमीटरला सुमारे ७८ मायक्रोग्रॅम भरते.

आता फक्त चिमणी बदलू. २० मीटरची असती, तर कमाल १२९ मायक्रोग्रॅम झाली असती, तीही अवघ्या २८० मीटरवर. ५० मीटरची केली तर कमाल ४९ वर येते आणि ४६० मीटरवर सरकते. कमाल प्रमाण ढोबळमानाने प्रभावी उंचीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असते, म्हणूनच हा मोठा फरक पडतो. पण हा फायदा जवळच्यांचा आहे. दीड किलोमीटरवरच्या गावात ३४ मीटरची चिमणी १२.४ मायक्रोग्रॅम पोहोचवते, तर ५० मीटरची १२. तिथे जाईपर्यंत लोट जमिनीपासून वरपर्यंत पसरून गेलेला असतो, त्यामुळे तो किती उंचीवरून निघाला याला फारसा अर्थ उरत नाही. उंच चिमणीने वायूचा एक ग्रॅमही कमी होत नाही. दूरच्या गावाची तक्रार असेल तर गंधक कमी असलेला कोळसा किंवा चुन्याची प्रक्रिया हाच उपाय आहे. चिमणीवर आणखी नळी चढवणे व्यर्थ.

वाऱ्याची दुहेरी करणी

वारा जोराचा तर धूर विरळ, हा समज अर्धाच खरा आहे. वेग वाढला की तोच वायू जास्त हवेत मिसळतो, म्हणून प्रमाण घटते. पण त्याच वाऱ्याने लोट वाकतो, उठाव कमी होतो आणि धूर जमिनीजवळ येतो. आपल्या उदाहरणात स्थैर्य वर्ग तोच ठेवून फक्त वेग बदलला, तर सेकंदाला १ मीटर वाऱ्यात कमाल ६५ मायक्रोग्रॅम येते, २ मीटरला ७८, ३ मीटरलाही ७८, ५ मीटरला ६९ आणि ८ मीटरला ५६. म्हणजे वेग २ वरून ५ वर गेला, अडीच पट झाला, तरी कमाल जेमतेम एक दशांशाने उतरते. जागा मात्र हलते. ५ मीटर वाऱ्यात कमाल ३०० मीटरवर येते, कुंपणाच्या आणखी जवळ.

कमाल सर्वांत वाईट जिथे होते, त्या वेगाला क्रांतिक वेग म्हणतात. उठाव A/u असेल तर क्रांतिक वेग A/h येतो आणि त्या वेगाला उठाव बरोबर चिमणीच्या उंचीएवढा असतो. इथे तो ८४ भागिले ३४, सुमारे २.५ मीटर. ५० मीटरच्या चिमणीसाठी तो १.७ वर उतरतो. म्हणून सर्वांत मंद किंवा सर्वांत जोराचा वारा घालून एकच गणित मांडणारा अहवाल अपुरा समजावा. एक ते दहा मीटरपर्यंतचे वेग सगळ्या वर्गांत चालवून पाहिले पाहिजेत.

वायू थंड केला की चित्र पालटते. राखेसाठी वायू पाण्याने धुणारा स्क्रबर बसवला आणि वायू ६० अंशांवर आला, तर त्याचे आकारमान घटून वेग ८.७ मीटरवर येतो, F १.५ होतो आणि ३ मीटर वाऱ्यात उठाव अवघा १० मीटर राहतो. प्रभावी उंची ६२ वरून ४४. स्क्रबरच्या पाण्यात चुना किंवा कॉस्टिक नसेल आणि सल्फर डायऑक्साइड जवळजवळ तसाच निघत असेल, तर जमिनीवरची कमाल दुपटीला पोहोचते. धूर पांढरा दिसतो, राख थांबलेली असते आणि आवारात मात्र घसा खवखवतो. ही तक्रार आली की आधी स्क्रबरच्या पाण्याचा सामू मोजावा.

प्रतिमान कुठे फसते

वारा सेकंदाला १ मीटरच्या खाली गेला की छेदातला u शून्याकडे झुकतो आणि सूत्र निरर्थक आकडे देते. अशा निवांत तासांना हे प्रतिमान लावू नये. वाऱ्याच्या नोंदी साधारणपणे १० मीटर उंचीवरच्या असतात. त्या चिमणीच्या तोंडापर्यंत न्याव्या लागतात. ब वर्गात ३४ मीटरवर वेग फक्त ९ टक्क्यांनी वाढतो, पण फ वर्गात तो जवळपास दुप्पट होतो. ही पायरी गाळणे ही नेहमी सापडणारी चूक आहे.

दुसरी अडचण शेजारच्या शेडची. सरकीचे गोदाम १५ मीटर उंच असेल तर त्याच्या अडीच पट, म्हणजे ३७.५ मीटर चिमणी हवी. ३४ मीटरच्या चिमणीचा धूर गोदामाच्या आडोशाच्या भोवऱ्यात सापडून थेट आवारात उतरू शकतो आणि वरचे ७८ हे उत्तर तेव्हा फार कमी ठरते. मंडळाच्या सूत्राने ३३.३ मीटर पुरेसे म्हटले होते, पण या जागी ते पुरत नाही. वायूचा वेग वाऱ्याच्या दीड पटीहून कमी झाला तर धूर चिमणीच्या तोंडामागेही खाली खेचला जातो. बॉयलर अर्ध्या भारावर चालतो तेव्हा हे हमखास घडते आणि चिमणीचा वरचा भाग एका बाजूने काळा पडलेला दिसतो.

तापीचे खोरे उत्तरेला सातपुडा आणि दक्षिणेला अजिंठ्याच्या रांगेने बांधलेले आहे. खोऱ्याच्या मधोमध सपाट जमिनीचे गृहीतक चालते. यावल, रावेर, चोपडा किंवा शहाद्याकडे सातपुड्याच्या पायथ्याशी ते चालत नाही, कारण तिथे जमीनच लोटाच्या उंचीकडे चढत जाते. अशा ठिकाणी भूरूप विचारात घेणारे एअरमॉड हे प्रतिमान वापरतात.

हिवाळ्यातली सकाळ वेगळी धरावी. रात्री जमीन थंड होऊन खालची हवा निश्चल होते आणि लोट वरच्या थरात पातळ पट्टीसारखा तरंगत राहतो. जमिनीवर जवळपास काही येत नाही. सूर्य वर आल्यावर तासा-दोन तासांत खालची हवा ढवळू लागते. ढवळणीचा थर लोटापर्यंत पोहोचला की साठलेला वायू अर्धा-पाऊण तास एकदम खाली येतो. वरचे सूत्र हा प्रकार दाखवतच नाही. त्याला वेगळे सूत्र लावावे लागते.

शेवटचा मुद्दा काळाच्या सरासरीचा. ७८ मायक्रोग्रॅम ही सुमारे तासाभराची सरासरी आहे, तर २००९ च्या राष्ट्रीय मानकांतील सल्फर डायऑक्साइडची ८० ही मर्यादा २४ तासांची. दोन्ही आकडे जवळ आहेत म्हणून चिमणी काठावर पास झाली, असा निष्कर्ष काढू नये. दिवसभरात वाऱ्याची दिशा फिरते, त्यामुळे एका जागेची २४ तासांची सरासरी याहून कमी येते. ती काढायला वर्षभराच्या ताशी नोंदी प्रतिमानात घालून प्रत्येक दिवस मोजावा लागतो आणि आधीपासून हवेत असलेले प्रमाण त्यात मिळवावे लागते. नमुना यंत्र आवाराच्या फाटकाशी ठेवण्याऐवजी, त्या ऋतूतल्या मुख्य वाऱ्याच्या दिशेने ३०० ते ५०० मीटरवर ठेवले, तरच मोजलेला आणि गणिताचा आकडा ताडून पाहता येतो. दोन्ही दुपटीच्या आत जुळले तर अशा साध्या प्रतिमानाकडून ते चांगले उत्तर मानतात.