प्रश्न-परीक्षण सूची

सर्वेक्षणाच्या प्रश्नावलीचा कच्चा मसुदा एकाही उत्तरदात्यापुढे जाण्यापूर्वी, त्यातील प्रत्येक प्रश्न ठरावीक दोषांच्या यादीशी ताडून पाहण्यासाठी तज्ज्ञ जे साधन वापरतात, त्यास प्रश्न-परीक्षण सूची म्हणतात. गॉर्डन विलिस आणि ज्युडिथ लेस्लर यांनी १९९९ मध्ये अमेरिकेतील रिसर्च ट्रँगल इन्स्टिट्यूट या संस्थेत सिद्ध केलेली सूची यांपैकी विशेष परिचित असून, ती त्या देशातील आरोग्यविषयक दूरध्वनी सर्वेक्षणासाठी तयार झाली. तिच्या आठ पायऱ्या आहेत: वाचन, सूचना, स्पष्टता, गृहीतके, माहिती व स्मरण, संवेदनशीलता व कल, उत्तराचे पर्याय आणि इतर दोष. प्रत्येक पायरीखालच्या उपप्रश्नांना परीक्षक ‘आहे’ किंवा ‘नाही’ एवढेच उत्तर देतो आणि ‘आहे’ असल्यास कारण लिहितो. कारणाविना केलेली नुसती खूण प्रश्न दुरुस्त करणाऱ्याच्या काहीच उपयोगाची नसते.

उदाहरणार्थ, ‘गेल्या वर्षी आपण कुटुंबाच्या औषधांवर नियमितपणे दरमहा किती खर्च केला?’ हा प्रश्न ऐकायला निर्दोष वाटतो. स्पष्टतेच्या पायरीवर मात्र तो लगेच अडतो. मराठीतील ‘आपण’ आदरार्थी ‘तुम्ही’ही होतो आणि बोलणाऱ्याला धरून ‘आपण सगळे’ही, ‘गेल्या वर्षी’ म्हणजे मागील बारा महिने, जानेवारी ते डिसेंबर की हिशेबाचे मार्च अखेरचे वर्ष, हे सांगितलेले नाही, ‘कुटुंब’ म्हणताना शहरात राहणारा मुलगा धरायचा की नाही, तेही उघड नाही. पुढे ‘नियमितपणे’ या शब्दात खर्च दरमहा सारखाच होतो असे गृहीतक दडले आहे. स्मरणाच्या पायरीवर दिसते की औषधे सून आणत असेल तर सासऱ्यांना आकडा ठाऊकच नसेल, आणि ठाऊक असला तरी बारा महिन्यांची सरासरी त्यांना उभ्याउभ्या काढावी लागेल. पर्याय ‘०–५००’ आणि ‘५००–१०००’ असे छापले असतील, तर नेमके पाचशे खर्चणाऱ्याला दोन घरे मिळतात.

दुरुस्तीत प्रश्न दोन होतात: ‘गेल्या ३० दिवसांत तुमच्या घरी राहणाऱ्यांपैकी कोणासाठी औषधे विकत घेतली का?’ आणि होकार आल्यास ‘त्यांवर सुमारे किती रुपये खर्च झाले?’ यात वर्षाचे चित्र हातचे जाते; ते चालेल का, हे सूची सांगत नाही, सर्वेक्षणाचा हेतू सांगतो.

सूचीची मोठी मर्यादा तिच्या अतिसावधपणात आहे. जवळजवळ प्रत्येक प्रश्नात तिला काहीतरी सापडते, आणि नोंदलेला दोष उत्तरदात्याला खरोखर अडवील की नाही, हे कागदावरून कळत नाही. शिवाय परीक्षकांच्या खुणाही एकमेकांशी फारशा जुळत नाहीत. म्हणून दोन-तीन परीक्षकांनी स्वतंत्रपणे सूची भरावी आणि मगच एकत्र बसावे, हे बरे. आधी चर्चा झाली की सर्वांत अनुभवी माणसाचे मत बाकीच्यांच्या कागदावर उतरते. बैठकीनंतरही वादग्रस्त राहिलेले प्रश्न संज्ञानात्मक मुलाखतींसाठी बाजूला काढले जातात, जेथे उत्तरदाता उत्तरापर्यंत कसा पोचला हे त्याच्याच तोंडून ऐकता येते.