पार्श्वभूमी : डेंग्यूच्या रिपोर्टमधले आयजीएम आणि आयजीजी

पावसाळा सरत आला की नाशिकमध्ये सिडको, पंचवटी, इंदिरानगर अशा भागांतून डेंग्यूचे रिपोर्ट व्हॉट्सअॅपवर फिरू लागतात. त्यात एनएस१, आयजीएम आणि आयजीजी अशा तीन ओळी असतात. पहिली ओळ विषाणूच्या प्रथिनाची, उरलेल्या दोन प्रतिपिंडांच्या. रक्तात प्रतिपिंडांचे पाच वर्ग असताना रिपोर्टमध्ये दोनच का, आणि त्यांचा क्रम काय सांगतो, याची ही पार्श्वभूमी.

रक्तद्रवात रोगाला अडवणारे काहीतरी असते हे १८९० मध्ये घटसर्प आणि धनुर्वाताच्या प्रयोगांतून कळले. ते एकाच प्रकारचे नाही हे कळायला पुढची सत्तर-पंचाहत्तर वर्षे गेली. १९३० च्या दशकात वेगवान अपकेंद्री यंत्रात काही प्रतिपिंडे इतरांपेक्षा फार जड निघाली. १९६० च्या सुमारास प्राण्यांना परके पदार्थ टोचून पाहिल्यावर दिसले की जड प्रकार आधी येतो आणि हलका मागून येऊन टिकतो. तोवर प्रत्येक प्रयोगशाळेची नावे वेगळी होती. १९६४ मध्ये आंतरराष्ट्रीय समितीने जी, ए आणि एम ही अक्षरे ठरवली; जड प्रकार तो एम, हलका तो जी. डी १९६५ मध्ये सापडला, तर अॅलर्जीशी जोडलेल्या ई ला १९६८ मध्ये अधिकृत नाव मिळाले. ए चे मुख्य काम श्लेष्मल त्वचेवर चालते, आणि डी व ई रक्तात अगदी थोडे असतात. म्हणून तापाच्या नेहमीच्या तपासणीत एम आणि जी हेच उरतात.

क्रमाचे कारण पेशीच्या जनुकांत आहे. प्रतिपिंडाचे टोक जंतूला धरते, शेपूट वर्ग ठरवते. प्रतिपिंडे बनवणाऱ्या बी-पेशीच्या डीएनएमध्ये टोकाच्या जनुकाला लागूनच एम च्या शेपटीचे जनुक असते, त्यामुळे काहीही न कापता आधी आयजीएमच बनते. पकड अजून कच्ची असते, पण पाच रेणू एकत्र जोडलेले असल्याने दहा जागी पकडता येते आणि उणीव भरून निघते. पुढे टी-पेशींच्या मदतीने मधला डीएनए कापून टाकला जातो आणि टोक जी च्या शेपटीला जोडले जाते. हे कापकाम सुरू करणारे विकर जपानमधल्या एका प्रयोगशाळेने १९९९-२००० मध्ये दाखवले. टोकाचे लक्ष्य तेच राहते, पकड मात्र निवडीतून घट्ट होत जाते.

टिकण्याचे कारण निराळे. आयजीएमचे रक्तातले अर्धे आयुष्य साधारण पाच दिवसांचे, आयजीजीचे सुमारे तीन आठवड्यांचे, कारण रक्तवाहिन्यांच्या पेशी आयजीजीला गिळूनही न मोडता परत रक्तात सोडतात. शिवाय अस्थिमज्जेत बसलेल्या पेशी ते वर्षानुवर्षे बनवत राहतात.

आता एक रिपोर्ट घेऊ. तापाचा पाचवा दिवस, एनएस१ निगेटिव्ह, आयजीएम निगेटिव्ह, आयजीजी पॉझिटिव्ह. घरचे म्हणतात, ‘जुना डेंग्यू आहे, आताचा नाही.’ तसे असूही शकते. पण डेंग्यूचे चार प्रकार आहेत आणि दुसऱ्यांदा वेगळ्या प्रकाराची लागण झाली, तर आधीच जी कडे वळलेल्या स्मृतिपेशी लगेच जागतात. मग आयजीजी पहिल्या आठवड्यातच झपाट्याने चढते, आयजीएम कमी येते किंवा दिसतच नाही, आणि जुनी प्रतिपिंडे एनएस१ ला चिकटल्याने तेही हुकू शकते. दुसऱ्या लागणीत आजार गंभीर होण्याचा धोका जास्त असतो. म्हणून अशा रुग्णाचे प्लेटलेट आणि हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातले लाल पेशींचे प्रमाण, पाहत राहावे लागते. ताप उतरल्यावर पोटात दुखणे, सतत उलट्या किंवा रक्तस्राव दिसला तर तातडीने रुग्णालय गाठावे.

खरा वाद मोजणीचा आहे. सरकारी नोंदीत मुख्यतः एलायझा या प्रयोगशाळेतल्या पद्धतीने एनएस१ किंवा आयजीएम पॉझिटिव्ह आलेला रुग्ण धरतात. कार्डवरची जलद चाचणी पॉझिटिव्ह असेल तर तो फक्त संभाव्य. कार्डे चुकतात, त्यामुळे या नियमाला आधार आहे. आयजीएमही दोन-तीन महिने रेंगाळते, म्हणजे एलायझाही आधीच्या महिन्यातली लागण आताची म्हणून दाखवू शकते. पण वरच्या रिपोर्टमधला माणूस या चौकटीत कुठेच बसत नाही. ज्याच्याकडे सर्वांत जास्त लक्ष हवे, तोच आकड्यांतून गळतो, आणि ही त्रुटी लहान नाही असे माझे मत आहे.

त्यावर उपाय जुनाच आहे : दहा-पंधरा दिवसांनी दुसरा नमुना घ्यायचा आणि दोन्ही एकाच वेळी तपासायचे. आयजीजीची पातळी चौपट चढली तर लागण ताजी, तेवढीच राहिली तर जुनी. एका नमुन्यावरून हे ठरत नाही. अडचण एवढीच की बरा झालेला माणूस पुन्हा रक्त द्यायला येत नाही.