‘ब्लॉक्स’ लिंक लावली, तरी अडकलेली कामे उशिरा का कळतात?

आमच्याकडून जिरा बोर्ड लावून घेतलेल्या ग्राहकांकडून एक प्रश्न वारंवार येतो: “दोन टीमच्या तिकिटांना आम्ही लिंक लावतो. तरीही काम अडकलंय हे स्प्रिंट अर्धा संपल्यावरच समजतं. बोर्डात काही चुकलंय का?” बहुतेक वेळा बोर्ड ठीक असतो. लिंक लावली की डिपेंडन्सीची नोंद झाली, असे धरले जाते आणि घोटाळा तिथेच होतो.

‘is blocked by’ ही लिंक फक्त एवढेच सांगते की या दोन तिकिटांपैकी कोणते कोणाला अडवते. आपल्याला ते काम कधीपर्यंत हवे आहे, समोरच्या टीमने ते मान्य केले आहे का, आणि त्यांनी कोणती तारीख दिली आहे, या तीन गोष्टी लिंकमध्ये मावत नाहीत. घाईत दिशा उलटी लागली, तर अडवणारे तिकीटच अडलेले दिसते. शिवाय, ज्यांना अडवणारे तिकीट अजून अपूर्ण आहे अशी सगळी तिकिटे शोधायची असतील, तर जिराच्या मूळ शोधात ती सोय नाही. त्यासाठी वेगळे ॲड-ऑन घ्यावे लागते. म्हणजे लिंक असते, पण ती आपणहून कोणाला हाक मारत नाही.

आता एक उदाहरण शेवटपर्यंत पाहू. स्प्रिंट दोन आठवड्यांचा, म्हणजे कामाचे दहा दिवस. दोन्ही टीमचे स्प्रिंट एकाच सोमवारी सुरू होतात. चेकआउट टीमला स्प्रिंट १४ मध्ये ग्राहकाला परताव्याची स्थिती दाखवणारे पान करायचे आहे. त्यासाठी लागणारी एपीआय पेमेंट टीम देणार आहे. एपीआय हातात आल्यावर पान बांधायला चार दिवस, जोडणीला एक आणि टेस्टिंगला दोन, असे सात दिवस लागतात. दहातून सात गेले, म्हणजे एपीआय तिसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत टेस्ट एन्व्हायर्न्मेंटवर चालू हवी.

प्लॅनिंगच्या दिवशी मात्र बोलणे असे होते: “तुमची एपीआय या स्प्रिंटमध्ये आहे ना?” “हो, आहे.” दोघेही खरे बोलतात. पेमेंट टीम स्प्रिंटच्या आत काम पूर्ण करणार असते, पण ते टेस्ट एन्व्हायर्न्मेंटवर येते आठव्या दिवशी. चेकआउट टीमकडे दोन दिवस उरतात आणि हवे असतात सात. दोन्ही बोर्डांवर सगळे हिरवे दिसत असताना हे काम पहिल्याच दिवशी बुडालेले असते. ‘त्याच स्प्रिंटमध्ये मिळेल’ या शब्दावर काम आत घेणे, हीच ती चूक. आमच्याकडे मदतीसाठी येणाऱ्या बऱ्याच फोनच्या मुळाशी तीच असते.

हाच हिशेब उलटा मांडा. तिसऱ्या दिवशी एपीआय हवी, तर पेमेंट टीमने ती स्प्रिंट १३ मध्येच संपवायला हवी. स्प्रिंट १३ चे प्लॅनिंग त्याच्या पहिल्या सोमवारी असते, आणि त्यात घेण्याच्या कामांची छाननी आदल्या आठवड्यात, म्हणजे स्प्रिंट १२ च्या दुसऱ्या आठवड्यात होते. मागणी त्याआधी त्यांच्यापर्यंत पोचली पाहिजे. थोडक्यात, आपला स्प्रिंट सुरू होण्याच्या साधारण तीन आठवडे आधी. डिपेंडन्सी आठवण्याची वेळ प्लॅनिंगची सकाळ नव्हेच.

म्हणून आम्ही प्रत्येक डिपेंडन्सीचे एक वेगळे, छोटे तिकीट करायला लावतो. त्याचा प्रकार `Dependency`. ते मागणाऱ्या टीमच्या स्टोरीला आणि देणाऱ्या टीमच्या स्टोरीला, दोन्हींना जोडलेले असते. त्यावर दोन तारखा असतात: `Needed By` मागणारी टीम भरते, `Promised On` देणारी टीम. अवस्था चार: `Asked`, `Accepted`, `Delivered`, `Verified`. मग आठवड्यातून एकदा एवढी क्वेरी पुरते:

```
issuetype = Dependency AND status = Asked
AND "Needed By" <= 4w ORDER BY "Needed By"
```

चार आठवड्यांच्या आत लागणार आहे, पण अजून कोणी हो म्हटलेले नाही, अशी सगळी तिकिटे ही यादी दाखवते. आपल्या उदाहरणातले तिकीट वेळेत लिहिले असते, तर ते स्प्रिंट १२ च्या पहिल्या बुधवारीच इथे दिसले असते. दोन तारखांची एकमेकींशी तुलना मूळ क्वेरीत करता येत नाही. म्हणून दिलेली तारीख हव्या त्या तारखेच्या पुढे गेली की तिकिटावर झेंडा लावणारा ऑटोमेशन नियम आम्ही उभारणीतच बसवून देतो.

“आणखी एक तिकीट कशाला?” ही तक्रार आम्ही बऱ्याचदा ऐकतो आणि ती समजतेही. पण तारीख आणि होकार ठेवायला कुठेतरी जागा हवी. स्टोरीच्या कमेंटमध्ये लिहिलेला होकार तीन दिवसांत खाली सरकतो आणि तो कोणत्याच यादीत येत नाही. ज्या कामाचे उत्तर एका दिवसात चॅटवर मिळते, त्यासाठी तिकीट करू नका, हेही आम्ही तितक्याच स्पष्टपणे सांगतो.

दुसरी तक्रार परवानग्यांची. `Accepted` हे बटण आम्ही फक्त देणाऱ्या टीमच्या प्रॉडक्ट ओनरला देतो आणि `Verified` फक्त मागणाऱ्या टीमला. काही ग्राहकांना हे फार कडक वाटते. मात्र बटण सगळ्यांना खुले ठेवले की मागणाराच “त्यांच्याशी बोलणं झालंय” म्हणून ते दाबतो, आणि यादी रिकामी दिसू लागते. होकार म्हणजे देणाऱ्या टीमने ते काम स्वतःच्या एका ठरावीक स्प्रिंटमध्ये ठेवले आहे. तसेच कोड मर्ज झाला म्हणजे काम मिळाले असे होत नाही. मागणाऱ्या टीमने टेस्ट एन्व्हायर्न्मेंटवर स्वतः एक कॉल करून पाहिला, की मग `Verified`.

समजा पेमेंट टीमने सांगितले की स्प्रिंट १३ भरलेला आहे. अजून तीन आठवडे हातात असल्याने इथे बोलायला वाव असतो. दोन्ही टीमनी एपीआयचा करार, म्हणजे कोणती फील्ड्स आणि कोणते एरर कोड, आधी ठरवला, तर चेकआउट टीम मॉकवर पहिल्या चार दिवसांत पान बांधू शकते. मग खरी एपीआय सातव्या दिवशी संध्याकाळी मिळाली तरी चालते, कारण पुढे एक दिवस जोडणी आणि दोन दिवस टेस्टिंग उरते. पेमेंट टीमची तारीख आठवा दिवस आहे, म्हणजे अजून एका दिवसाची ओढाताण आहेच. ती फक्त स्थिती वाचण्याचा एंडपॉइंट आधी आणि बाकीचे नंतर, अशी वाटणी करून सुटू शकते. तेही जमत नसेल, तर स्टोरी स्प्रिंट १५ मध्ये ढकला आणि तिच्या जागी मोकळे काम घ्या. मॉकमुळे जोडणी आणि टेस्टिंगचे दिवस मात्र वाचत नाहीत. मॉक आहे म्हणून `Needed By` पुसून टाकू नका, नव्या हिशेबाने पुढे सरकवा.

एक मर्यादा आधीच सांगून ठेवतो. त्याच दोन टीममध्ये दर स्प्रिंटला पाच-सहा डिपेंडन्सी निघत असतील, तर कितीही चांगली यादी असली तरी कामे अडतच राहतील. तिथे कामाची वाटणीच बदलावी लागते. तीन-चार स्प्रिंटची यादी जमली की हा नमुना स्पष्ट दिसतो, आणि तो तुमच्या व्यवस्थापनासमोर कसा मांडायचा यात आम्ही मदत करतो.

आमच्या जुन्या बोर्डांवर `Dependency` हा प्रकार नसेल, तर देखभाल करारात तो बसवून मिळतो. पहिल्या दोन प्लॅनिंगना आमची एक व्यक्ती तुमच्यासोबत बसते. कळवताना मागच्या स्प्रिंटमध्ये अडकलेल्या तीन स्टोरींचे तिकीट क्रमांक आणि दोन्ही टीमच्या प्लॅनिंगचे वार तेवढे पाठवा. तारखांचा उलटा हिशेब त्याच स्टोरींवर करून दाखवतो.