तान्ह्या बाळाचं वजन न वाढणं

जन्मानंतरच्या पहिल्या वर्षात, त्यातही पहिल्या सहा महिन्यांत, बाळाचं वजन वयाच्या मानाने अपेक्षेइतकं न वाढणं किंवा वाढता वाढता मंदावणं. दूध अंगी लागत नाही, बाळसं धरलं नाही अशी तक्रार घेऊन आई दवाखान्यात येते ती हीच. जुन्या पाठ्यपुस्तकांत याचे सरळ दोन भाग करायचे, आजारामुळे आणि बिनआजाराचं. ही वाटणी आता बरीच मागे पडलीय, कारण हृदयाला भोक असलेलं बाळही शेवटी दमून दूध कमी ओढतं म्हणूनच वाळतं, आणि नुसतं दूध कमी पडलेलं बाळ पुढे जुलाब-न्यूमोनियाला लवकर सापडतं. तरी आधी कुठे बघायचं हे ठरवायला ती वाटणी कामाची आहे, आणि बहुतेक वेळा आधी बघायचं ते दूध पाजणंच.

वजन पुरेसं वाढतंय का हे ज्यावर बघतात त्या वाढीच्या तक्त्याची वंशावळ थोडी गुंतागुंतीची आहे. आईच्या हातात राहणारं वाढीचं कार्ड ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ डेव्हिड मॉर्ले यांनी नायजेरियातल्या खेड्यात साधारण १९५० च्या दशकाअखेरीस आणि पुढच्या काही वर्षांत रुजवलं असं धरलं जातं. आपल्याकडे अंगणवाडीत बरीच वर्षं बालरोगतज्ज्ञ संघटनेची वजनावरून कुपोषणाची श्रेणी ठरवायची १९७२ ची पद्धत चालली, तिचा पाया अमेरिकेतला हार्वर्डचा तक्ता. १९७७ पासून जगभर वापरला गेलेला एनसीएचएस, म्हणजे राष्ट्रीय आरोग्य सांख्यिकी केंद्राचा, तक्ताही अमेरिकेतलाच, आणि त्यातली तान्ही बाळं बहुतांशी बाटलीच्या दुधावरची. इथेच घोळ झाला. अंगावर पिणारं निरोगी बाळ पहिले दोन-तीन महिने जोरात वाढतं आणि मग वेग कमी करतं, बाटलीवरचं तसं करत नाही, त्यामुळे जुन्या तक्त्यावर अंगावरचं बाळ चौथ्या महिन्यात "घसरलेलं" दिसायचं आणि आईला वरचं दूध सुरू करायला सांगितलं जायचं. चौथ्या महिन्यात आईचं दूध पुरत नाही हा समज अजून टिकलाय त्यामागे आजीबाईंइतकाच त्या तक्त्याचाही हात असावा.

जागतिक आरोग्य संघटनेचा २००६ चा तक्ता ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका इथल्या अंगावर पिणाऱ्या बाळांवरून काढलाय, भारतातली बाळं दक्षिण दिल्लीची. दिल्लीच्या सुखवस्तू घरातलं माप सातपुड्यातल्या बाळाला कसं लावायचं असा आक्षेप काही अभ्यासक घेतात. तो मोठ्या मुलांच्या उंचीबाबत जास्त वजनदार वाटतो. पाच वर्षांखालच्यांसाठी भारतीय बालरोगतज्ज्ञही हाच तक्ता वापरतात. नव्या तक्त्याची एक बाजू मात्र लक्षात ठेवावी, पहिल्या सहा महिन्यांत तो जुन्यापेक्षा कडक आहे, म्हणजे या वयात "कमी वजनाची" बाळं त्यावर जास्त निघतात.

कार्डावर मुलींचा आणि मुलांचा तक्ता वेगळा असतो. हिरवा पट्टा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे मध्यम कमी वजन, नारिंगी म्हणजे तीव्र कमी. लोक पट्टा बघतात, बघायची असते वजनाचे ठिपके जोडणारी रेघ. एकटा ठिपका फारसं काही सांगत नाही. हिरव्यात असून आडवी झालेली रेघ काळजीची, आणि पिवळ्यात असून पट्ट्याला समांतर वर जाणारी रेघ, विशेषतः जन्मतःच लहान असलेल्या बाळाची, बऱ्याचदा बिनधोक. वेळेआधी जन्मलेल्या बाळाचं वय प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून मोजून ठिपका द्यायचा, हे साधारण दोन वर्षांपर्यंत.

खानदेशात रेघ वाचण्यातली मोठी अडचण म्हणजे ठिपके दोन गावांचे असतात. पहिलं बाळंतपण माहेरी, शिरपूरला म्हणू, आणि सव्वा-तीन महिन्यांनी बाई सासरी अमळनेरला, म्हणजे काटाही बदलला. स्प्रिंगच्या टांगत्या काट्यावर १०० ग्रॅमची एक खूण, वर झबलं-टोपडं अंगावर, अशात आठवड्याची वाढ मोजायला जाऊच नये. त्याच काट्यावर, उघडं करून, निदान पंधरा दिवसांच्या अंतराने केलेलं वजन खरं.

उदाहरणादाखल एक मुलगी घेऊ. जन्म २.७ किलो, महिन्याची ३.५, दोन महिन्यांची ४.१, तीन महिन्यांची ४.४. पहिले तीन ठिपके हिरव्यात. तिसऱ्या महिन्याला हिरव्याची खालची कड ४.५ ला असते, म्हणजे चौथा ठिपका जेमतेम पिवळ्यात गेला. पण खरी गोष्ट त्याआधीची, महिन्याची वाढ ८००, मग ६००, मग ३०० ग्रॅम. या तिसऱ्या महिन्यात मुलीने साधारण ७०० ग्रॅम, म्हणजे दिवसाला २३ ग्रॅम वाढायला हवं, ही वाढली १०. लांबी आणि डोक्याचा घेर आपापल्या रेघेवर होते. हा क्रम महत्त्वाचा आहे: दूध कमी पडलं की आधी वजन थांबतं, मग बऱ्याच काळाने लांबी, डोकं सगळ्यात शेवटी. लांबी आधी किंवा बरोबरीने मागे पडली तर थायरॉइड वगैरे, आणि डोकंच आधीपासून लहान असेल तर गरोदरपणातलं किंवा मेंदूचं कारण शोधावं लागतं.

विचारल्यावर कळलं, आई कपाशी निंदायला जाते, दुपारी आजी दोन बाटल्या देते, गाईचं दूध, पचायला जड नको म्हणून निम्मं पाणी. १०० मिलीच्या दोन बाटल्यांत निम्मं पाणी म्हणजे रोज ६५ कॅलरीच्या आसपास तूट, आणि बाळाचं एक ग्रॅम वजन वाढायला ढोबळ ५ कॅलरी लागतात, म्हणजे वाढीत दिवसाला १३ ग्रॅमची घट. हिशोब जुळला. शिवाय दुपारी न पाजल्याने दूधही आटत जातं आणि बाटलीची सवय लागलेलं बाळ अंगावर नीट तोंड लावत नाही. उपाय दाट गाईचं दूध हा नाही. आईने दूध काढून ठेवायचं, वाटी-चमच्याने पाजायचं, रात्रीचं पाजणं वाढवायचं. काढलेलं दूध खोलीत चार तास टिकतं हा आकडा २५ अंशांपर्यंतचा आहे, जळगाव-भुसावळच्या वैशाखात तो धरू नये. त्याच वैशाखात बाळाला पाणी आणि गुटी देण्याचा आग्रहही होतो, सहा महिन्यांआधी दोन्हीची गरज नसते, पोट भरतं आणि दुधाची जागा जाते.

पाजताना बाळाचं तोंड मोठं उघडलेलं, खालचा ओठ बाहेर वळलेला, हनुवटी स्तनाला टेकलेली असावी आणि गिळल्याचा आवाज यावा. दिवसात सहाहून जास्त वेळा लघवी होत असेल तर दूध बरंच पोचतंय असं मानतात. वरून पाणीही पाजलेल्या बाळाला हा नियम लागू नाही.

पाजणं सुधारून दोन आठवड्यांत वेग दिवसाला २५-३० ग्रॅमवर आला तर आजार असण्याची शक्यता बरीच कमी होते. दूध भरपूर पोचूनही वजन हललं नाही तर तपासण्या, त्यात लघवीची आधी, कारण लघवीचा संसर्ग या वयात तापाशिवायही लपून राहतो. काही खुणांना मात्र दोन आठवडे थांबायचं नसतं. पिताना कपाळाला घाम, दोन घोट घेऊन धापा, शांत झोपेत मिनिटाला ६० च्या वर श्वास (दोन महिन्यांनंतर ५० च्या वर), हिरवी उलटी, कावीळ आणि पांढरी शी, पिणंच सोडणं, अशा बाळाला त्याच दिवशी दाखवावं.

नंदुरबार आणि सातपुडा पट्ट्यातल्या भिल्ल-पावरा कुटुंबांत सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आढळतो, म्हणून न वाढणाऱ्या प्रत्येक बाळाचं कारण तेच सांगायची घाई होते. पण पहिले काही महिने गर्भातलं हिमोग्लोबिन बाळाला सांभाळतं आणि त्रास बहुतेक सहा महिन्यांच्या सुमारास सुरू होतो, त्यामुळे चाचणी करावी पण तीन महिन्यांच्या बाळाची आडवी रेघ तिच्यावर ढकलू नये.