घोणस, घोड्याचं सीरम आणि तीन वेगळ्या रिॲक्शन

जुलैत मुरबाड आणि शहापूर तालुक्यांत भाताची लावणी सुरू झाली की सर्पदंशाचे पेशंट वाढतात. वैद्यकीय विद्यार्थ्यांना अतिसंवेदनशीलतेचे, म्हणजे शरीराची संरक्षणयंत्रणाच शरीराला त्रास देते त्याचे, चार प्रकार शिकवायला मला या पेशंटइतकं चांगलं उदाहरण दुसरं सापडलेलं नाही. मुलं चारही प्रकार पाठ करून येतात. पहिल्यासमोर ॲनाफिलॅक्सिस, तिसऱ्यासमोर सीरम सिकनेस, चौथ्यासमोर कॉन्टॅक्ट डर्मटायटिस अशा जोड्या परीक्षेत बिनचूक जुळवतात. वॉर्डात मात्र पेशंटच्या कपाळावर प्रकाराचा आकडा लिहिलेला नसतो. तिथे सर्वांत आधी एकच विचारायचं असतं: अंगात काय गेलं किंवा अंगाला काय लागलं, आणि त्यानंतर किती वेळाने हे सुरू झालं?

एक केस घेऊ. मुरबाडकडच्या एका गावातल्या चाळिशीच्या बाई. लावणी करताना घोट्याजवळ घोणस चावली. घरच्यांनी दंशाच्या जागी बिब्ब्याचं तेल लावलं आणि दोन तासांत त्यांना ठाण्यातल्या मोठ्या रुग्णालयात आणलं. पाय पोटरीपर्यंत सुजलेला, हिरड्यांतून थोडं रक्त येतंय. डॉक्टरांनी कोरड्या, स्वच्छ काचेच्या ट्यूबमध्ये 2 मिलिलिटर रक्त घेतलं, ट्यूब 20 मिनिटं न हलवता उभी ठेवली आणि मग तिरकी केली. रक्त पाण्यासारखं वाहिलं, गोठलंच नव्हतं. घोणशीचं विष रक्त गोठवणारे घटक संपवून टाकतं, त्यामुळे ही साधी चाचणी फार कामाची आहे. लगेच प्रतिविषाच्या 10 व्हायल सलाईनमधून सुरू झाल्या.

हे प्रतिविष आपल्याकडे घोड्यांपासून बनतं. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चार सापांचं विष घोड्याला थोड्या थोड्या मात्रेत टोचतात, त्याच्या रक्ताच्या पातळ भागात, म्हणजे सीरममध्ये, त्या विषाला चिकटणारी प्रथिनं म्हणजेच प्रतिपिंडं तयार होतात आणि ती शुद्ध करून व्हायलमध्ये भरतात. प्राण वाचवणारं औषध हेच. पण शरीराच्या दृष्टीने ते परक्या प्राण्याचं प्रथिन आहे, आणि तेही शिरेतून, भरपूर प्रमाणात आलेलं.

सलाईन सुरू होऊन पंधरा-वीस मिनिटं झाली असतील. बाई डोकं खाजवायला लागल्या. मग मानेवर आणि पोटावर गांधी उठल्या, कोरडा खोकला आला, उलटी झाली आणि नाडी जलद झाली. नर्सबाईंनी प्रतिविष थांबवलं. मांडीच्या बाहेरच्या बाजूच्या स्नायूत 0.5 मिलिग्रॅम ॲड्रेनालिन दिलं, बाईंना आडवं ठेवून पाय उंच केले आणि ऑक्सिजन लावला. काही मिनिटांत श्वास मोकळा झाला. त्या पूर्ण सावरल्यावर प्रतिविष हळू वेगाने पुन्हा सुरू केलं, कारण विष अजून रक्तात होतंच. यात उशीर सर्वांत महागात पडतो. ॲड्रेनालिनऐवजी आधी फक्त ॲलर्जीचं किंवा स्टेरॉइडचं इंजेक्शन देऊन वाट पाहणं ही घोडचूक आहे. ही औषधं पडलेलं ब्लड प्रेशर वर आणत नाहीत आणि सुजलेला घसाही लगेच मोकळा करत नाहीत.

विद्यार्थी इथे लगेच सांगतात, ‘सर, पहिला प्रकार.’ चित्र तसंच दिसतं. पहिल्या प्रकारात शरीराची त्या पदार्थाशी आधी ओळख झालेली असते. त्या ओळखीतून तयार झालेली आयजीई नावाची प्रतिपिंडं कातडीत आणि श्वासमार्गात असणाऱ्या मास्ट पेशींवर चिकटून बसलेली असतात. पदार्थ पुन्हा आला की या पेशी हिस्टामीन आणि इतर रसायनं एकदम सोडतात. रक्तवाहिन्या फुगतात, श्वासनलिका आवळतात, आणि हे सगळं काही मिनिटांत होतं. कोळंबी खाल्ल्यावर ओठ सुजून धाप लागणं किंवा पेनिसिलिनच्या इंजेक्शननंतर कोसळणं ही याची खरी उदाहरणं.

पण या बाईंना घोड्याचं सीरम आयुष्यात कधी टोचलेलं नव्हतं, म्हणजे ती आधीची ओळख झालेलीच नसणार. प्रतिविषाच्या अशा तातडीच्या बहुतेक रिॲक्शनमध्ये आयजीईचा संबंध नसतो. प्रथिनांचे गुठळे रक्तातली कॉम्प्लिमेंट नावाची संरक्षक प्रथिनांची यंत्रणा थेट जागी करतात आणि मास्ट पेशी त्या वाटेने फुटतात. शेवट तोच, सुरुवात वेगळी. म्हणून प्रतिविष देण्याआधी त्वचेत थेंबभर टोचून ‘टेस्ट डोस’ घेण्याची जुनी पद्धत मागे पडली. ती चाचणी आयजीई शोधते, आणि इथे गुन्हेगार बहुतेक वेळा आयजीई नसतो. टेस्ट कोरी आली म्हणून निर्धास्त होता येत नाही, आणि टेस्टला गांधी उठली म्हणून प्रतिविष नाकारलं तर पेशंट विषाने जातो. उपचार मात्र दोन्हीकडे एकच, ॲड्रेनालिन.

सहा तासांनी पुन्हा घेतलेलं रक्तही ट्यूबमध्ये गोठलं नाही, म्हणून आणखी 10 व्हायल दिल्या. त्यानंतर रक्त गोठायला लागलं, सूज थांबली. सगळे निवांत झाले.

तिसऱ्या दिवशी सकाळी ड्रेसिंग सोडलं तर घोट्याभोवती लालसर चकंदळं आणि त्यावर बारीक पाणीदार फोड. पहिली शंका स्वाभाविकपणे विषाची येते, कारण घोणशीच्या दंशानेही फोड येतात. विष पसरतंय असं वाटून आणखी प्रतिविष लावलं जाण्याची भीती अशाच वेळी असते. पण विषाचे फोड साधारण पहिल्या दिवसातच, वाढत्या सुजेबरोबर येतात, अनेकदा रक्ताळलेले असतात आणि ते ठणकतात. इथे सूज उतरत होती, रक्त गोठत होतं, आणि बाईंची तक्रार दुखण्याची नव्हती, खाजेची होती. नीट पाहिलं तर फोडांची एक सरळ रेघ घोट्यावरून टाचेकडे उतरली होती, जिथून तेल ओघळलं होतं तिथूनच. विष कातडीवर अशा रेघा ओढत नाही.

बाईंना विचारलं, पूर्वी कधी बिब्बा लावला होता का? दर पावसाळ्यात टाचांच्या भेगांना लावायच्या, आणि गेल्या वर्षी एकदा उतला होता. गावाकडच्या कुणालाही बिब्बा उतणं म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. त्याच्या तेलातले भिलावनॉल नावाचे छोटे रेणू कातडीत शिरून तिथल्या प्रथिनांना चिकटतात. कातडीतल्या पहारेकरी पेशी हा बदललेला माल जवळच्या लसिका ग्रंथीत नेऊन टी पेशी नावाच्या संरक्षक पांढऱ्या पेशींना दाखवतात. पहिल्या खेपेला टी पेशी तयार व्हायला दीड-दोन आठवडे लागतात. नंतर केव्हाही बिब्बा लागला की तयार टी पेशी त्या जागी गोळा होतात, पण त्यांना पोहोचून काम सुरू करायला एक ते तीन दिवस जातात. हा चौथा प्रकार. यात प्रतिपिंडांचा सहभाग नसतो, म्हणून हिस्टामीनविरोधी गोळीने खाजेला फारसा उतार पडत नाही. जागा धुणं, बिब्बा बंद करणं आणि स्टेरॉइडचं मलम हा उपाय. केसांच्या काळ्या डायने किंवा नकली दागिन्यांतल्या निकेलने येणारं पुरळ याच जातीचं. त्याचं कारण शोधायची पॅच टेस्टसुद्धा म्हणूनच 48 तास पाठीवर चिकटवून ठेवतात आणि नंतर एक-दोन दिवसांनी पुन्हा पाहतात. एक अपवाद सांगायला हवा: बिब्ब्याचं दाट तेल कातडीला थेट भाजूही शकतं. त्यात आग काही तासांतच होते, ती कुणालाही होऊ शकते आणि ती ॲलर्जी नसते.

पाचव्या दिवशी बाई घरी गेल्या.

आता ज्या भागासाठी मी ही केस निवडली तो. दंशानंतर दहाव्या दिवशी बाईंना ताप आला. गुडघे, मनगटं आणि घोटे आखडले, अंगभर पुन्हा गांधी उठल्या आणि काखेतल्या गाठी सुजल्या. पावसाळ्यात ठाणे जिल्ह्यात ताप, सांधेदुखी आणि पुरळ एकत्र दिसलं की कोणताही डॉक्टर आधी चिकुनगुनिया किंवा डेंगू म्हणेल, आणि त्या तपासण्या करायलाच हव्यात. पण ‘गेल्या दोन आठवड्यांत सापाचं इंजेक्शन झालंय का?’ हा प्रश्न विचारला नाही, तर खरं निदान हातातून निसटतं. बाईंनी आपण होऊन ते सांगावं, ही अपेक्षा चुकीची आहे. दहा दिवसांपूर्वीच्या इंजेक्शनचा आजच्या गुडघ्याशी संबंध कुणाला सुचेल?

हा सीरम सिकनेस. 1905 साली व्हिएन्नात क्लेमेन्स फॉन पिर्के आणि बेला शिक या बालरोगतज्ज्ञांनी त्याचं सविस्तर वर्णन केलं. त्या काळी घटसर्प झालेल्या मुलांना घोड्याचं सीरम देत, आणि साधारण आठ-बारा दिवसांनी काही मुलं ताप आणि पुरळ घेऊन पुन्हा आजारी पडत. पिर्केला ती मधली शांतता महत्त्वाची वाटली. सीरम विषारी असतं तर त्रास लगेच झाला असता. त्याने अंदाज बांधला की या दिवसांत शरीर स्वतः काहीतरी तयार करतंय, आणि सीरमशी त्याची गाठ पडली की आजार होतो. अंदाज बरोबर होता.

बाईंच्या शरीरात नेमकं तेच झालं. आठवड्याभरात त्यांनी घोड्याच्या प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडं बनवायला सुरुवात केली, आणि ते प्रथिन अजून रक्तात शिल्लक होतं. दोन्ही एकमेकांना चिकटून जोड्या तयार झाल्या. प्रतिपिंडं भरपूर असली की या जोड्यांचे मोठे गोळे होतात आणि यकृत-प्लीहेतल्या पेशी ते सहज उचलतात. पण सुरुवातीला प्रथिन जास्त आणि प्रतिपिंडं कमी असतात. तेव्हा जोड्या लहान राहतात, उचलल्या जात नाहीत आणि सांधे, मूत्रपिंड, कातडी यांतल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतींत अडकतात. तिथे कॉम्प्लिमेंट जागं होतं, पांढऱ्या पेशी धावून येतात आणि दाह सुरू होतो. हा तिसरा प्रकार. रक्तात सी-3 आणि सी-4 हे कॉम्प्लिमेंटचे घटक खर्ची पडून कमी झालेले दिसू शकतात, आणि लघवीत थोडं प्रथिन येऊ शकतं. प्रतिविष जितकं जास्त दिलेलं, तितकी शक्यता जास्त. बाईंना 20 व्हायल गेल्या होत्या.

दुसरा प्रकार या बाईंना झाला नाही. त्यात प्रतिपिंडं थेट पेशीवरच चिकटून ती फोडतात, जसं चुकीच्या गटाचं रक्त चढवल्यावर होतं. आणि प्रतिविष सुरू केल्यावर तासा-दोन तासांत नुसती हुडहुडी भरून ताप आला, तर तो या चारांपैकी कशातच बसत नाही. औषधातल्या जिवाणूजन्य अंशांमुळे तसं होतं.

सीरम सिकनेस सहसा आपोआप ओसरतो, कारण घोड्याचं प्रथिन संपलं की जोड्या बनायच्या थांबतात. सौम्य असेल तर हिस्टामीनविरोधी गोळ्या पुरतात. बाईंचे सांधे फार आखडले होते, म्हणून आठवडाभर प्रेडनिसोलोन दिलं आणि त्या चालत्या झाल्या. घरी सोडतानाच त्यांना सांगायला हवं होतं: एक-दोन आठवड्यांनी ताप, सांधेदुखी किंवा पुरळ आलं तर परत या, आणि हा कागद त्या डॉक्टरांना दाखवा. डिस्चार्ज कार्डावर किती व्हायल दिल्या, पहिल्या तासात काय रिॲक्शन आली आणि बिब्ब्याची ॲलर्जी आहे, हे तिन्ही स्पष्ट लिहिलेलं असावं.

कारण पुढच्या लावणीत त्यांना पुन्हा साप चावू शकतो. या वेळी शरीराला घोड्याच्या प्रथिनाची ओळख असेल. सीरम सिकनेस दहा दिवसांऐवजी तीन-चार दिवसांतच येऊ शकतो, आणि तातडीची रिॲक्शन आली तर ती खरोखरची आयजीईची, पहिल्या प्रकारातली असू शकते. तरीही रक्त गोठत नसेल तर प्रतिविष द्यायचंच. ॲड्रेनालिन भरलेली सिरिंज मात्र पहिली व्हायल उघडण्याआधी हाताशी ठेवायची.